पुढच्या वर्षाचे आभार

स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांचा अहवाल कुणी ऐकत नाही. मी शिक्षिका होते तेव्हा मीही ऐकत नसे. त्या वेळात नाचाच्या मुलींचे गजरे लावणे, लेझीमवाल्यांना रांगेत उभं करणे आणि माईकची वायर पायात येणार नाही हे बघणे ही कामं उरकून घ्यायची असतात. पुढे मीच मुख्याध्यापक झाले आणि मला कळलं की आपण ज्याकडे पाठ करून गजरे बांधत होतो, ते लिहायला कुणाचे तरी चार दिवस गेलेले असतात.

आमची शाळा संस्थेची, पाचवी ते आठवी. वडवणीपासून बऱ्याच आत, डोंगराच्या पायथ्याला. मी रोज वडवणीहून स्कूटीने जाते. डांबरी रस्त्यावर फाटा लागतो, तिथे एस.टी. थांबते. तिथून गावापर्यंतची वाट कच्ची. दोन्ही बाजूंना तूर आणि कापूस, मध्ये एक ओढा, आणि ओढ्यापासून फाट्यापर्यंत एकही घर नाही. ही वाट लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून आहे.

अहवालाची एक ठरलेली चाल असते. आधी पटसंख्या आणि उपस्थिती, मग परीक्षांचे निकाल, मग खेळ, मग उपक्रम, मग इमारत-पाणी-संडास, मग आभार, आणि शेवटी पुढच्या वर्षीचे संकल्प. प्रत्येक शिक्षक आपापल्या विभागाचं टिपण देतो आणि मी ते माणसाला ऐकवेल असं करते. टिपणांची भाषा समजून घ्यावी लागते. ‘सहभाग नोंदवला’ म्हणजे पहिल्याच फेरीत हरलो. ‘उल्लेखनीय कामगिरी’ म्हणजे दुसऱ्या फेरीत हरलो. जिंकलो असेल तर कुणी विशेषण लावत नाही, सरळ ‘पहिला क्रमांक’ असं लिहितात. मी विशेषणं काढून टाकते. हरलो तर हरलो म्हणावं. समोर बसलेल्या पोरांना ठाऊकच असतं.

मसुदा झाला की तो संस्थेच्या सचिवांकडे जातो. ते बघतात ते एवढंच, की कुणाचं नाव राहिलं नाही ना आणि कुणाचं कुणाच्या आधी आलं नाही ना. यात मी त्यांना हसत नाही. एका वर्षी छपराचे पत्रे देणाऱ्याचं नाव खुर्च्या देणाऱ्याच्या नंतर आलं आणि पत्रेवाले जेवायला थांबले नाहीत.

आमच्या शाळेची आणखी एक पद्धत आहे, ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आभारात ज्याचं नाव आलं, त्याने तिथल्या तिथे उठून स्टेजवर यायचं. अहवाल थांबतो, शाल-नारळ दिला जातो, फोटो निघतो, अहवाल पुढे सुरू होतो. जुन्या अध्यक्षांनी ती पाडली. सत्कार शेवटी ठेवले तर तोवर देणगीदार निघून जातात, असा त्यांचा अनुभव होता.

या पद्धतीचा मी एक उपयोग शोधून काढला. जे काम अजून झालेलं नाही, त्याचेही आभार मानायचे. पाण्याची टाकी अशीच आली. माजी सरपंचांनी चहा पिताना ‘बघू’ म्हटलं होतं. मी अहवालात वाचलं, “येत्या उन्हाळ्याआधी शाळेला टाकी बसवून देत असल्याबद्दल शाळा त्यांची आभारी आहे.” ते उठले, शाल घेतली, फोटो काढला आणि खाली उतरताना मला म्हणाले, “बाई, तुमी लई बेरकी.” टाकी मार्चमध्ये बसली. नंतर वर्गातले पंखे आले, मग मुलींच्या संडासाला दार. गावात बोललं जाऊ लागलं की बाईंनी नाव घेतलं की माणूस अडकला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शाल अंगावर घेऊन चार लोकांत ‘नाही’ म्हणणं अवघड असतं, आणि शाळेची बरीच कामं त्या अवघडपणावर उभी आहेत.

गेल्या वर्षीच्या अहवालात सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट होती, आणि तिला बक्षीस नव्हतं.

दिवाळी झाली की आमच्या गावातली बहुतेक घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको, बैलं, भांडी, कडेवरचं पोर, सगळं गाडीत चढतं. शाळेतलीही मुलं जातात. हजेरीपटावर नावं राहतात आणि बाकं रिकामी होतात. गेल्या वर्षी मात्र दिवाळीनंतरही बाकं भरलेली होती. शाळेने घरोघर जाऊन मुलं ठेवून घ्यायला सांगितलं, हे खरं. पण ते आम्ही दर वर्षी सांगतो. गेल्या वर्षी आज्यांनी ऐकलं. एकेका आजीने दोन-दोन, चार-चार नातवंडं मागे ठेवून घेतली. पहाटे उठून त्यांच्या भाकरी केल्या, त्यांची तापं काढली, त्यांना वेळेवर शाळेत हाकललं. आमची उपस्थिती त्यांनी सांभाळली होती.

यातली एक आजी माझ्या डोक्यात जास्त होती. तिची मोठी नात आठवीत होती. तालुक्याला खो-खोत पहिल्या आलेल्या आमच्या संघाची ती कप्तान. गणितात बरी, अक्षर वाईट, बोलायला बिनधास्त. आठवी संपली की आमची शाळा संपते. नववीसाठी वडवणी, आणि वडवणीसाठी फाट्यावरून एस.टी. मी डिसेंबरात तिच्या घरी गेले तेव्हा आजी अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती.

“आजी, नववीचं काय ठरवलं?” मी विचारलं.

“कुणाच्या नववीचं?”

“तुमच्या नातीच्या.”

“ते तर ठरल्यालंच हाय. म्होरल्या दिवाळीला मायबापासंग जाईल. भाकरी थापंल, धाकट्याला बघंल. तिच्या मायच्या कंबरंत दम राह्यला न्हाई आता.”

“बसचा पास फुकट आहे मुलींना.”

“पास फुकट हाय वो, पण फाट्यापस्तोर कोण नेतंय? ओढ्याच्या पल्याड माणूस दिसत न्हाई. मी शेरडं सोडून रोज पोरीमागं चालू का? का म्हून सांगता बाई मला? तुमची पोर असती तर एकटी धाडली असती का तुमी?”

मी धाडली नसती. नात दारात उभी राहून ऐकत होती. तिने आजीच्या हातातली काठी घेतली आणि शेंगा झोडपायला लागली. जोरात.

घरी येऊन मी अहवालात एक परिच्छेद घातला. गावातल्या आज्यांचे आभार, मुलं मागे ठेवून घेतल्याबद्दल. आणि त्याला जोडून माझं नेहमीचं हत्यार: “आठवीच्या आपल्या नातींना पुढच्या वर्षी नववीलाही पाठवणार असल्याबद्दल शाळा त्यांची आगाऊ आभारी आहे.” सत्काराचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. नावं घेतलेली नव्हती, नुसतंच ‘गावातल्या आज्या’ असं होतं.

सचिवांनी त्यावर आडवी रेघ मारली. “मॅडम, भावना चांगली आहे. पण देणगीदार इतके आहेत, आणि तुम्ही म्हाताऱ्यांवर पाच मिनिटं घालवता. प्रमुख पाहुण्यांना दोन कार्यक्रम आहेत पुढं.”

मी वाद घातला नाही. अहवालातली एक ओळ राखण्यासाठी सचिवांशी भांडले तर पुढच्या वर्षीचा खडूही भांडून आणावा लागेल. पण मसुदा पुन्हा टाईप करायला दिला नाही. रेघ मारलेल्या कागदावरूनच वाचायचं ठरवलं.

संमेलन जानेवारीत, भर दुपारी, शाळेच्या मैदानात. पुढे पाहुण्यांचे सोफे, मागे खुर्च्या आणि त्यामागे सतरंज्या. बापे-बाया ऊसतोडीवर, त्यामुळे सतरंज्यांवर म्हातारी माणसंच जास्त. बाजूला नऊवारी नेसलेल्या मुली, गालावरची लाली घामाने खाली येत असलेल्या. प्रास्ताविक झालं, ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं. प्रमुख पाहुणे आले नाहीत. त्यांना धारूरकडच्या एका लग्नाने धरून ठेवलं होतं. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, अहवाल घ्या तोवर.

मी वाचायला लागले. पटसंख्या, निकाल. खो-खोचा पहिला क्रमांक वाचला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि कप्तान खाली मान घालून बसली. विज्ञान प्रदर्शनात हरलो, तेही वाचलं. देणगीदार एकेक करून वर आले, शाल घेऊन उतरले. संकल्प वाचले: ग्रंथालयाला वेगळी खोली, मैदानाला कुंपण, प्रत्येक वर्गाला वाचनाचा तास. संपलं. मी कागद घडी करायला घेतला, तर पहिल्या रांगेतून सचिव दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखी खूण करत होते. वाढवा. पाहुणे अजून वाटेत होते.

वाढवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. मी घडी उघडली आणि रेघ मारलेला परिच्छेद वाचला. सावकाश वाचला, कारण वेळच काढायचा होता. टाकी आणि पंख्याइतक्याच स्पष्ट आवाजात सांगितलं, की यंदा दिवाळीनंतर ही बाकं भरलेली राहिली ती आज्यांमुळे, आणि पुढच्या वर्षी नाती नववीला जाणार आहेत त्याबद्दल शाळा आत्ताच आभार मानते.

टाळ्या झाल्या. आणि मग सतरंजीवरून एक आजी उठली. तिने पदर डोक्यावर नीट केला, चपला शोधल्या आणि स्टेजकडे चालू लागली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी, चौथीला हात धरून उठवत. बघता बघता सगळी सतरंजी उठली. नाव घेतलं म्हणजे स्टेजवर जायचं, ही आमच्याच शाळेची पद्धत. त्यांनी ती वर्षानुवर्षं मागून पाहिली होती. आता त्यांचा नंबर आला होता.

सचिव घाईने माझ्यापाशी आले. “मॅडम, ह्या कुठं चालल्या?”

“सत्काराला.”

“कुणाच्या?”

“त्यांच्याच.”

“शाली पाहुण्यांच्या आहेत फक्त! मोजून आणल्यात!”

“मग तेवढ्या द्या. बाकीच्यांना नारळ द्या. नारळ संपले तर फूल द्या. परत पाठवू नका.”

सचिव रागावलेले दिसले, पण ते मुळात चांगले गृहस्थ आहेत, आणि सगळ्या गावासमोर म्हाताऱ्या बायांना पायरीवरून परत पाठवणं त्यांच्याने झालं नसतं. त्यांनी स्वतः शालींची पिशवी उघडली. अध्यक्ष उठून उभे राहिले. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांना काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी नुसतंच “जोरदार टाळ्या” असं तीन वेळा म्हटलं.

शेंगा झोडपणारी आजी रांगेत मधेच होती. तिच्या वाट्याला शाल आली. अध्यक्षांनी ती पुढे केली, पण आजीने हात पुढे केला नाही.

“थांबा जरा,” ती म्हणाली. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “टाकीवाल्यानं शाल घेतली, त्याला टाकी द्यावी लागली. आता ही मी घेतली की मला पोरगी नववीला धाडावी लागंल. हाय का न्हाई बाई?”

मैदानात हशा पिकला. माजी सरपंच सगळ्यात मोठ्याने हसले.

“आहे,” मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

“मंग मला बी आभार मानायचे हायेत.” तिने माईककडे तोंड केलं, जरा जास्तच जवळ, त्यामुळे भोंगा किंचाळला. ती मागे सरली आणि पुन्हा बोलली. “म्होरल्या साली बाई रोज सकाळी गावात येऊन पोरींना फाट्याला नेऊन गाडीत बशिवणार हायेत. म्हून मी बाईचे आभार मानते. आगाऊ.”

आता जे हसले त्यात मुलंही होती. आजीने अध्यक्षांच्या हातातली शाल घेतली, ती माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “घ्या. फोटू काढ रे.”

फोटो निघाला. तो माझ्याकडे आहे. त्यात माझं तोंड उघडं आहे.

मी हे मान्य केलं पाहिजे की माझंच हत्यार माझ्यावर चालवलेलं मला त्या क्षणी आवडलं. पण रोज मला जमणार नव्हतं. सकाळी मलाही घर आहे, सासरे आहेत. मी माईक ओढला. “आजी, सोमवार माझा. बाकीचे वार तुमचे. तुमची शेरडं ओढ्याकडंच चरतात ना?”

“चरत्यात.”

“मग मंगळवार तुमचा.”

“मला बुधवार द्या,” मागून एक आजी म्हणाली. “मंगळवारी माझा उपास असतोय.”

“बुधवार हिलाच का म्हून? माझी बी नात हाय की आठवीत!”

स्टेजवर वार वाटले गेले; ज्याचा वार, त्याने संध्याकाळीही फाट्यावर घ्यायला जायचं. कुणी शनिवार घ्यायला तयार नव्हतं. तो शेवटी माजी सरपंचांनी घेतला. ते म्हणाले, “मला सकाळी फिरायला सांगितलंय डॉक्टरनं. आन् आज बाईनी नाव घ्यायच्या आधी मीच घेतो.” मी खांद्यावरची शाल काढून आजीच्या खांद्यावर घातली. या वेळी तिने घालू दिली.

पाहुणे आले तेव्हा शाली संपल्या होत्या. त्यांना नारळ आणि गुलाब दिला. ते स्टेजवर बसलेल्या आज्यांकडे बघून म्हणाले, “आज प्रमुख पाहुणे लई दिसतात,” आणि त्यांचं भाषण त्यांनी छोटं ठेवलं, याबद्दल मी त्यांचीही आभारी आहे.

आमच्या एका शिक्षकांनी अहवाल मोबाईलवर घेतला होता. दर वर्षी तो ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या ग्रुपवर टाकतात, म्हणजे तिकडे उसाच्या फडावर बसून त्यांना मुलांची नावं ऐकू येतात. दोन दिवसांनी कप्तानच्या आईचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

“बाई, आमच्या सासूबाईनी खरंच शाल घेतली का?”

“घेतली.”

“म्हंजी आता मागं फिरता येत न्हाई.”

“येत नाही.”

ती म्हणाली, “बरं झालं. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं,” आणि तिला फडावरून हाक आली म्हणून फोन ठेवला.

जूनमध्ये वडवणीची शाळा सुरू झाली. पहिल्या सोमवारी मी लवकर निघाले, गावात स्कूटी लावली आणि मुलींबरोबर चालत फाट्यावर गेले. ओढा ओलांडताना कप्तानने माझी पर्स धरली. गाडी उशिरा आली. कंडक्टरने विचारलं, “तुमच्या का सगळ्या?” मी म्हटलं, “वार लावलेत.” त्याला कळलं नाही. मुली चढल्या आणि मी परत चालत आले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बुधवारची आजी आजारी पडली, तेव्हा गुरुवारची दोन दिवस गेली आणि तिने ते सगळ्या गावाला ऐकवलं. माजी सरपंच एका शनिवारी झोपून राहिले. मंगळवारची आजी शेरडं घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. पुन्हा ते झोपले नाहीत. पावसात ओढ्याला पाणी होतं तेव्हा मुली गेल्याच नाहीत. पण एकटी कुणी चालली नाही.

दिवाळी झाली. गाड्या भरल्या. मी मुद्दाम गावात थांबले होते, निघणाऱ्यांत कोण कोण आहे ते बघायला. कप्तानची आई गाडीत चढली, धाकटा पोरगा कडेवर. कप्तान खाली उभी होती, आजीच्या शेजारी, दप्तर पाठीला. तिची बस चुकेल म्हणून तिने आईला नीट निरोपही दिला नाही. तो मंगळवार होता. गाडी हलली तशी आजी, नात आणि शेरडं फाट्याच्या वाटेला लागली.

आता यंदाचा अहवाल लिहायला बसले आहे. आभारात आज्या आहेत, या वेळी आडनावांसकट. तेवढा भाग सचिवांना आधीच दाखवला, त्यांनी रेघ मारली नाही. शाली जास्त आणायला सांगितल्या. संकल्पात काय लिहावं याचा विचार चालला आहे. नववीचा वर्ग गावातच सुरू व्हावा असं मला वाटतं. त्याला खोली लागते, संस्थेचा ठराव लागतो, वरून मंजुरी लागते, आणि या तिन्हींपैकी माझ्या हातात काही नाही. आभार कुणाचे मानायचे हे ठरवायला हवं.

परवा सोमवारी फाट्यावर मंगळवारची आजी भेटली. तिचा वार नव्हता, सहजच आली होती.

“बाई, यंदा अहवालात कुणाला धरताय?”

“अध्यक्षांना धरावं म्हणते. नववीच्या खोलीसाठी.”

तिने विचार केला. “धरा. मी टाळ्या आधी सुरू करते, म्हंजी त्यांना उठावंच लागंल.”

गाडी आली. कप्तान चढली आणि खिडकीतून ओरडली, “बाई, आमचा खो-खो यंदा पण लिहा!” मी सांगितलं, तू आता आमच्या शाळेची नाहीस, तुझ्या मॅडमना सांग. ती हसली. गाडी निघून गेल्यावर आजी आणि मी गावाकडे परत चालू लागलो.